तीन बादल्या गवत

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असावं. सांगलीत काचेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात मी पॅकिंगला नवीनच लागले होते. साताऱ्याच्या कॉलेजला पाच लिटरचा फ्लास्क चारच्या एसटीनं पाठवायचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि आमच्याकडे तेवढा एकच फ्लास्क होता.

मी हिशेब केला. खोकं अठ्ठेचाळीस लिटरचं, फ्लास्कनं व्यापलेली जागा सहा लिटर, म्हणजे पोकळी बेचाळीस. चौदा लिटरच्या तीन बादल्या वाळलं गवत मोजून भरलं आणि झाकणाला खिळे मारले.

काच फुंकणाऱ्या वयस्कर चाचांनी खोकं हलक्या हातानं तिरकं केलं. आत काहीतरी सरकलं.

"गवत मोकळं मोजलंस, पोरी. भार पडला की ते दबतंय," ते म्हणाले.

साडेतीन वाजले होते. गवत संपलं होतं, रद्दीही नव्हती. चाचा एकेक खिळा उपसत होते.

"चाचा, आता वाढवायला काहीच नाही."

"मग पोकळी कमी करू."

त्यांनी खोकं रिकामं केलं आणि एका बाजूला दहा सेंटीमीटर सोडून आत उभी फळी ठोकली. फ्लास्कभोवती आता तीसच लिटर पोकळी उरली. तेच गवत मी खालून, बाजूंनी, वरून दाबून बसवलं. खोकं हलवलं, आवाज आला नाही.

मी सायकलवर खोकं घेऊन निघाले, तेव्हा एसटी सुटायला सात मिनिटं होती. पार्सल चढलं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी कॉलेजातून फोन आला, फ्लास्क धड होता.