मानाप्रमाणे बसवलेले विद्वान

धारच्या दरबारी कचेरीत असताना मी एका शिलालेखावर निबंध लिहिला. आधीच्या चार अभ्यासकांची मतं मी मानाप्रमाणे लावली होती. थोर विद्वान आधी, नवखा शेवटी, प्रत्येकाला दोन वाक्यं.

देवासचे मामा वाचून म्हणाले, "ही तर दरबारातली बैठक झाली. हे एकमेकांशी बोलतात कुठे?"

मला राग आला. त्या रागातच मी चौघांची वाचनं शेजारी-शेजारी मांडली. दगड स्वतः पाहिलेल्या दोघांचं वाचन जुळत होतं. दगडावर कागद दाबून घेतलेल्या ठशावरून वाचणारे दोघे शेवटच्या ओळीवर अडत होते, कारण ठसा तिथेच पुसट होता. मतांचा तो परिच्छेद मी या फरकापासूनच नव्याने लिहिला.

थोर विद्वान ठसेवाल्यांत, शेवटच्या वाक्यात गेले. मामा हसले, "आता बसले आपल्या जागी."