धाकटीने भरलेले आठ हप्ते

१२ नोव्हेंबर. गटाच्या बचत खात्यावर शिल्लक रुपये ६,२४०.

हा आकडा टिपून घेऊन मी महिला बचत गटाला सरकारी कर्जजोडणी योजना समजावून सांगायला गेलो होतो. बँकेतली माझी सातच महिन्यांची नोकरी उरली होती आणि हे भाषण मला पाठ होते. बैठक धाकटीच्या खोलीत होती. ती कपडे शिवते. मशीनवर फळी टाकली की टेबल होते. गटाच्या वह्याही तीच लिहिते. गटाची अध्यक्ष तिची थोरली जाऊ. घर थोरलीच्या नवऱ्याचे आणि धाकटीचा नवरा त्याच्याच टेम्पोवर चालक, एवढे मला बसता बसता कळले.

वह्या पाहिल्या. अकरा जणी, दर आठवड्याला पन्नास रुपये बचत, अठ्ठावीस बैठका. त्या पैशांतून आपापसांत दिलेली कर्जे, त्यांचे हप्ते, व्याज, सगळे जुळत होते. एकही हप्ता चुकलेला नव्हता. इतकी स्वच्छ वही मी क्वचितच पाहिली होती.

मी सांगितले, "गट सहा महिने नीट चालला की बँक त्याची तपासणी करते. बैठका, बचत, आपसातली कर्जं, परतफेड आणि वह्या, या पाच गोष्टी बघते. तुमच्या गटाला दीड लाख मिळू शकतात. तारण लागत नाही."

"म्हणजे डोरलं सुटलं," अंडी विकणारी म्हणाली. "आधीच ते माझ्यापेक्षा सावकाराच्या गळ्यात जास्त असतं."

बायका हसल्या. धाकटी हसली नाही. तिने विचारले, "साहेब, एखादीने कर्ज घेतलंच नाही तर चालतं?"

"चालतं. कोणाला किती, ते गट गरज बघून ठरवतो."

"मग तिच्यावर काही जबाबदारी नाही ना?"

"आहे. कर्ज गटाच्या नावावर असतं. एकीने थकवलं तर ते सगळ्या गटाचं थकतं."

तिने फळीवरचा दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळू लागली.

तपासणीत आम्ही बायकांना तोंडी विचारतो, त्याची सवय व्हावी म्हणून मी थोरलीला विचारले, "तुम्ही तीन हजार घेतलेत. आठवड्याला दोनशे दहाचा हप्ता. मागचा कधी भरलात?"

"मला काय ठाऊक? माझं ही बघते." थोरलीने धाकटीकडे हनुवटी केली. "एका घरातलं काय मोजायचं?"

"जाऊबाई, ते पैसे…" धाकटी थांबली.

"काय ते पैसे? बोल की. साहेब आलेत म्हणून आता हिशोब मागतेस? मी मागते का खोलीचं भाडं?"

मी वही पुन्हा पाहिली. थोरलीच्या नावापुढे आठ हप्ते जमा होते. गटाचा पैसा पुरा होता, वही खोटी नव्हती. फक्त पैसे कोणाचे, हा रकाना वहीत नसतो.

अंडेवाली म्हणाली, "ते घरातलं घरात बघा. पण पुढच्या बैठकीपासून जिचा हप्ता तिने आपल्या हाताने सतरंजीवर ठेवायचा. लिहून घे गं, ठराव."

धाकटीने ठराव लिहिला. तो थोरलीसमोर धरताना ती मान वर करीत नव्हती. सही झाली. मग दीड लाखाची यादी झाली. थोरलीने तीस हजार सांगितले, दुकान टाकायचे म्हणून. हरकत कोणाची, असे मी विचारले. धाकटीच्या हातात पेन होते. तिने लिहिले : अध्यक्ष, तीस हजार. स्वतःच्या नावापुढे तिने रेघ मारली.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. "साहेब, गट सोडला तर?"

"बचत परत मिळेल."

"बचतीचं नाही विचारत. राहायचं याच खोलीत आहे. कारण काय सांगू?"

मी जिना उतरलो. योजनेच्या परिपत्रकात असा प्रश्न नव्हता.

तपासणीत गट उत्तीर्ण झाला आणि जानेवारीत कर्ज मंजूर झाले. मी पुन्हा गेलो तेव्हा थोरली हप्त्याच्या नोटा स्वतः सतरंजीवर ठेवत होती. अंडेवालीने मला बाजूला सांगितले, "नोटा ओळखीच्या आहेत. सकाळीच माझ्यासमोर धाकटीने घरखर्चाला दिल्या. दर महिन्याला देते त्यापेक्षा आता जास्त मागतात तिच्याकडे." धाकटी मशीनवर वाकून पावती लिहीत होती. तिने थोरलीचे नाव लिहिले, रक्कम लिहिली, आणि पुढचीला हाक मारली.

ठरावाआधीचे आठ हप्ते थोरलीने धाकटीला दिलेले नाहीत. येणे रुपये १,६८०.