कापलेलं जाळं

फोन आला तेव्हा मी भिलाईला, स्मृति नगरच्या घरी, सुट्टीवर होते. बाबा समोर चहा पीत होते. पलीकडून मुंबईजवळच्या एका बंदरावरचा तांडेल, म्हणजे मासेमारी बोट चालवणारा, बोलत होता. किनारा फार लांब नव्हता, म्हणून बोटीवर रेंज होती.

"ताई, जाळं अडकलंय. तुमच्या केबलच्या पट्ट्यातच असेल. ओढू का?"

मी समुद्राखालच्या इंटरनेट केबलच्या कंपनीत कामाला. काम असं, की बंदरोबंदरी जाऊन मच्छीमारांना नकाशे द्यायचे आणि समजावायचं. उथळ पाण्यात केबल नांगरासारख्या यंत्राने तळाच्या चिखलात पुरतात. पण भरतीओहोटी चिखल वाहून नेते, खडकावर पुरताही येत नाही, आणि मग ती उघडी पडते. तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्याच्या जड लोखंडी फळ्या तिच्यात अडकतात. त्यावर माझं एकच पालुपद असे: अडकलं तर ओढू नका, जाळं कापा, जागा टिपून घ्या, मला फोन करा, कंपनी भरपाई देईल. नियमच आहे तसा. माझ्या वऱ्हाडी वळणाच्या मराठीवर सगळे हसायचे. समुद्र नसलेल्या गावची बाई आम्हाला समुद्र शिकवते, म्हणायचे. हा तांडेल सगळ्यांत जास्त हसायचा, आणि फोन केला तो एकट्या त्याने.

"ओढू नका," मी म्हटलं. "बोट कलंडेल. कापा."

जाळं मालकाचं होतं, बोटही मालकाची.

"तुम्ही सांगताय म्हणून कापतो," तो म्हणाला.

फोन ठेवला तर बाबा माझ्याकडे बघत होते. सगळी नोकरी त्यांनी पोलाद कारखान्याच्या वायर रॉड मिलमध्ये काढलेली.

"कावून कापाले लावलं त्याले? केबलवर पोलादी तार गुंडाळली हाय म्हनते तू. तिले जाळ्यानं का होते?"

"तार तुटत नाही बाबा, पन वाकते. आतमध्ये काचेचे धागे हायेत केसावानी. केबल मुरगळली का ते गेले."

"मंग वाचली ना तुही केबल?"

"वाचली."

"मंग त्याचं जाळं अडकलं होतं, हे आता कोन मानन?"

मला राग आला. कारखान्यात सगळ्यांवर संशय घ्यायची सवय लागते माणसाला, असं काहीतरी मी बोलले. बाबांनी कप उचलला.

बाबांचंच खरं झालं. कंपनीने तपासणी केली. केबलमधून प्रकाश सुरळीत जात होता, कुठे खोट नाही. तांडेलने दिलेली जागा केबलजवळची होती, पण तळाशी खडकही असतात, बुडालेली लाकडंही. साहेब म्हणाले, केबल तर ठीक चालतेय, मग भरपाई कशाची? मी भांडले, मोठ्याने भांडले, पण उपयोग झाला नाही. इकडे मालकाला वाटलं, तांडेलने आंधळेपणाने जाळं खडकावर घातलं आणि आता कंपनीचं निमित्त सांगतोय. त्याने बोट आपल्या भाच्याच्या हाती दिली. जन्मभर बोट चालवलेला माणूस बंदरावर बसून दुसऱ्यांची जाळी विणू लागला.

पुढच्या पावसाळ्यात वादळात एका मालवाहू जहाजाचा नांगर सुटून तळावरून फरफटत गेला आणि त्याने तीच केबल तोडली. किनाऱ्यावरून प्रकाश सोडून, तो कुठून परततो यावरून तुटल्याची जागा काढली. समुद्र निवळल्यावर दुरुस्तीच्या जहाजावर मीही होते. आकडा तळावरून ओढत नेला, केबलचं एक टोक हळूहळू वर आलं आणि त्याबरोबर चिखलाने भरलेलं एक जाळंही. लोखंडी फळी केबलखाली पक्की रुतली होती. जाळ्याचा दोर सुरीने सरळ कापलेला होता, आणि वर हिरव्या सुताचं ठिगळ. तांडेल नेहमी हिरवं सूत वापरायचा. मला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू फुटलं. जोडणीवाले तोपर्यंत काचेचे धागे साफ करायला बसलेही होते.

कंपनीने या वेळी मुकाट्याने भरपाई दिली. ती मालकाला मिळाली, कारण जाळं त्याचं. मी मालकाकडे गेले. त्याने नीट ऐकून घेतलं, चहाही पाजला. पण भाचा आता बोट चांगली चालवतो, म्हणाला.

कापलेला तुकडा घेऊन मी तांडेलकडे गेले. छपराखाली तो दुसऱ्या कुणाचं जाळं विणत होता. तुकडा त्याने मांडीवर पसरला, स्वतःच्या गाठीवरून बोट फिरवलं.

"माझंच आहे," तो म्हणाला. "मालकाला जाळ्याचं मोल मिळालं ना?"

"मिळालं."

"मग झालं तर." तुकडा घडी करून त्याने मला परत दिला आणि सुई उचलली. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

बंदरावर मी अजूनही जाते, नकाशे वाटते, तेच पालुपद ऐकवते. सगळे मान डोलावतात, आता माझ्या मराठीवर कुणी हसत नाही. जाळी अजूनही अडकतात, केबलच्या तारेवर ओरखडे दिसतात. फोन मात्र त्या बंदरावरून मला पुन्हा कधी आला नाही.