शत्रूच्या बाजूने

आमचे शिवराजदादा खेळात कोणाची गय करत नसत. सुट्टीवर मलकपेठला आले की भाच्याला, विक्रमला, कॅरमवर बसवायचे आणि धूळ चारायचे. पोर रडवेलं व्हायचं. विक्रमची आई, म्हणजे आमची थोरली बहीण तारामतीअक्का, चिडायची. "एकदा हरलास तर तुझं काय जातं रे?"

"मग त्याला उगाच वाटेल, आपल्याला खेळता येतं," दादा सोंगट्या लावत म्हणायचे.

फौजेत त्यांच्या वाट्याला हेच काम आलं. ब्रिगेडच्या मुख्यालयात ते मेजर होते, शत्रूची माहिती ठेवणारे. हल्ल्याची योजना आखली की अधिकारी ती आधी नकाशावर खेळून बघतात. एक चाल आपली, एक शत्रूची, मग पुन्हा आपली. कोणाचं किती नुकसान, ते पंच ठरवतात. शत्रू व्हायचं ते दादांनी. मोंढ्याच्या बाजारात कांदेवालाही ज्याला सहज फसवी, तो हा माणूस तिथे वैऱ्याच्या डोक्याने विचार करी.

त्या वर्षी सीमेवरची एक टेकडी घ्यायची होती. निवडलेल्या पलटणीत आमचा विक्रम कॅप्टन होता. पहिल्या योजनेत सगळी पलटण समोरच्या सोप्या उतारावरून चढणार होती. दादांनी शत्रू होऊन त्याच उतारावर मशिनगन आणि तोफा रोखल्या. पंचांनी दोन कंपन्या, म्हणजे निम्मी पलटण, मेल्या धरून नकाशावरून उचलल्या. योजना बदलली. आता मुख्य हल्ला मागच्या कड्यावरून, आणि समोर एकच कंपनी, शत्रूला गुंतवायला. पुन्हा खेळले. दादांनी सगळा मारा त्या एका कंपनीवर केला, कारण शत्रूने तेच केलं असतं. कंपनी संपली, टेकडी मिळाली. ब्रिगेडियरसाहेबांनी योजना मंजूर केली. समोर कोणती कंपनी पाठवायची, ते पलटणीचे कर्नल नंतर ठरवणार होते.

खरी टेकडीही तशीच मिळाली. समोरच्या कंपनीत विक्रम होता.

योजना बदलली नसती तर कितीतरी जास्त पोरं गेली असती, हे मला कळतं. तरी घरी येऊन 'योजना यशस्वी' म्हणणाऱ्या ब्रिगेडियरसाहेबांना जिन्यावरून ढकलावंसं वाटलं होतं. माझा लाडका भाचा होता तो.

विक्रमचे दिवस झाल्यावर दादा अक्कासमोर बसले. खेळाचं त्यांनीच काढलं, हल्ला आधी नकाशावर खेळून बघितला होता हे बोलून गेले.

"खोटं नक्को बोलूस, शिवा," अक्का म्हणाली. "खेळात त्या कंपनीचं काय झालं होतं?"

"संपली होती, अक्का."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"कंपनी जाणार, हे ठाऊक होतं. तिच्यात आपला विक्रम असेल, हे नव्हतं ग."

अक्काने डोळे पुसले नाहीत. त्यांच्याकडे बघत म्हणाली, "कोणाचा तरी असणारच होता ना रे?"