चौपट पावसाची बरणी

"माझ्या नरसाळ्यात खोट काढतीय का तुझी बाई? काढू दे की. पण मग तिनं हे सांगावं, पाणी आलं कुठनं. मी काय रात्री उठून त्यात तांब्या ओतते?"

"आत्या, बाई तसं नाही म्हणाल्या."

"मग कसं म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुझे आकडे बाकीच्यांशी जुळत नाहीत. शनिवारपर्यंत कारण शोध, नाहीतर वर्गाच्या पावसाच्या तक्त्यावर तुझी नोंद घेता येणार नाही."

आत्यानं हातातली पत्र्याची कात्री खाली ठेवली. ती कात्री अशी मधेच खाली ठेवली जात नसे. बापाच्या मागं हे दुकान तिनं चालवलं होतं. डबे, नरसाळी, झाऱ्या, पन्हळी, सगळं तिच्या हातचं. "बाईमाणसाला पत्र्याच्या सांध्याला डाख देता येतो का," असं विचारणारी गिऱ्हाइकं तिनं बोलून नाही, काम करून गप्प केली होती. तिचा डबा गळतोय असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि आता तिचं पर्जन्यमापक शाळेत खोटं ठरत होतं. त्याहून वाईट म्हणजे भाची खोटी ठरत होती.

भाचीला घरात मुंगी म्हणत. अंगानं बारीक, पण धरलं ते सोडायची नाही. बाईंनी वर्गाला पावसाची नोंद ठेवायला सांगितली तेव्हा बाकीच्यांनी प्लॅस्टिकच्या बाटल्या कापल्या, वरचा तुकडा उलटा करून आत बसवला आणि मोकळे झाले. मुंगी मात्र आत्याच्या दुकानात आली. आत्यानं सरळ अंगाची काचेची बरणी घेतली, तिच्या तोंडावर घट्ट बसेल असं पत्र्याचं नरसाळं केलं, काठ वळवून ठाकठीक केला. मुंगीनं बरणीला बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवली, तीसुद्धा शून्य आतल्या तळाशी येईल अशी, कारण काचेचा तळ जाड होता. मग दुकानामागच्या मोकळ्या जागेत, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, चार विटांच्या मधे ती बरणी पक्की बसवली.

रोज सकाळी आठला मुंगी तिथं पोटावर पालथी पडायची. डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा. पाणी काचेला चिकटून कडेला चढतं, ती कड धरायची नाही, मधली खालची रेघ धरायची. आकडा लिहायचा, बरणी रिकामी करून परत ठेवायची. पाऊस नसला तरी शून्य लिहायचं. फ्रॉकला चिखल लागायचा म्हणून आई ओरडायची, तेवढंच.

आणि एवढं करून वर्गात काय झालं? सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर बाकीच्यांकडे बारा, साडेअकरा, बारा, आणि मुंगीकडे सत्तेचाळीस. मागच्या बाकावरचा लंब्या म्हणाला, "हिच्या घरावर वेगळं आभाळ आहे." सगळा वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, मनानंच लिहिलं असणार. ते मुंगीला जास्त लागलं.

"हसणाऱ्याचं तोंड दिसतं, आपण बरणीचं बघू," आत्या म्हणाली. "आण ती इकडं."

आधी तिनं नरसाळ्याची झडती घेतली. डाख पक्का होता. बरणीवर कुठल्या छपराचं पाणी उडतंय का, ते रॉकेलच्या डब्यावर उभं राहून बघितलं. नव्हतं उडत. कुणी पोरांनी टवाळकी केली म्हणावं, तर आकडे दर वेळी वाढलेलेच होते, आणि टवाळखोर पोरं एवढ्या नेमानं काही करत नाहीत.

मुंगी वही घेऊन बसली होती. "आत्या, त्यांचे बारा तिथं माझे सत्तेचाळीस. त्यांचे पाच तिथं माझे एकवीस. म्हणजे प्रत्येक वेळी चौपटच्या आसपास."

आत्या बरणीकडं बघत राहिली. "नरसाळ्याचं तोंड केवढं आहे?"

"सोळा सेंटिमीटर. तूच केलंस की."

"हो, मोठं केलं. हाताला सवयच तशी. तेलाचं नरसाळं लहान तोंडाचं केलं की गिऱ्हाईक बाहेर सांडतं आणि आपल्याला शिव्या देतं." आत्यानं बोट काचेकडं केलं. "आणि बरणी?"

मुंगीनं पट्टी लावली. "आतून आठ."

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. सोळा सेंटिमीटरच्या तोंडात पडलेला पाऊस आठच्या बरणीत कोंबला जात होता. तो वर चढणारच. बाकीच्यांच्या बाटल्या तोंडाला आणि अंगाला सारख्याच होत्या.

"पण मग दुप्पट व्हायला पाहिजे," मुंगी म्हणाली. "सोळा म्हणजे आठाच्या दुप्पट."

"तुला कोण म्हणालं दुप्पट? अगं, डब्याला दुप्पट रुंदीचं झाकण करायचं झालं तर पत्रा चौपट जातो. पहिल्यांदा केलं तेव्हा मी दुप्पट कापायला घेतला आणि तुझ्या आजोबांचा धपाटा खाल्ला."

मुंगीचं तोंड उघडंच राहिलं. "त्रिज्येचा वर्ग. बाईंनी शिकवलंय. मला परीक्षेपुरतं माहीत होतं गं."

"परीक्षेचं राहू दे. ओतून बघू."

आत्यानं पत्रा घेतला, सोळा सेंटिमीटर तोंडाचा उभ्या अंगाचा डबा वळला, सपाट तळ बसवला आणि डाख दिला. मुंगीनं बरणीत चाळीस मिलिमीटरपर्यंत पाणी भरलं आणि नव्या डब्यात ओतलं. मग डबा सपाट फरशीवर ठेवून पट्टी उभी बुडवली. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली.

दहा. अगदी दहा.

"आत्ता कसं," आत्या म्हणाली आणि कपाळ चोळत हसायला लागली.

शनिवारी आत्या शाळेत गेली. अंगावर डाखाचे डाग पडलेला झगा तसाच, एका हातात बरणी, दुसऱ्यात डबा. वर्गासमोर बोलली मात्र मुंगी. पाणी ओतलं, पट्टी बुडवली, फळ्यावर दोन वर्तुळं काढली. मग वहीतला प्रत्येक आकडा चारनं भागून दाखवला. सत्तेचाळीसचे पावणेबारा. एकवीसचे सव्वापाच. बाई एकेक आकडा तक्त्याशी ताडून बघत होत्या आणि त्यांची मान हलत होती.

"बाई, अजून एक," मुंगी म्हणाली. "ज्या दिवशी भुरभुर होती ना, त्या दिवशी सगळ्यांनी शून्य लिहिलंय. माझ्याकडं दोन आहेत. म्हणजे अर्धा मिलिमीटर. तो पाऊस यांच्या बाटल्यांत दिसलाच नाही."

वर्गात चुळबूळ झाली. बाईंनी वही जवळ घेतली, तो दिवस परत बघितला, आणि खुर्चीवर बसल्याच. "अगं, वेधशाळेतल्या मापकातही हीच युक्ती करतात. मोठं तोंड, बारीक नळी. बारीक पाऊस वाचता यावा म्हणून. मला आधीच सुचायला हवं होतं." मग तक्त्यावरचं शून्य पुसून तिथं खडूनं अर्धा लिहिला आणि पुढं मुंगीचं नाव.

लंब्या मागून म्हणाला, "म्हणजे आभाळ एकच आहे तर."

"आहे, पण तुझी बाटली आंधळी आहे," मुंगी म्हणाली. या खेपेला वर्ग लंब्यावर हसला, आणि लंब्याही हसला.

बाहेर पडताना बाईंनी आत्याला गाठलं. "शाळेसाठी असंच एक करून द्याल? विज्ञान प्रदर्शनात मधोमध ठेवू."

"देते की. पण तोंड सोळाचंच ठेवणार. आणि खाली माझ्या भाचीचं नाव कोरणार, आधी सांगून ठेवते."

"कोरा," बाई म्हणाल्या.

आत्या दुकानात आली तेव्हा पन्हळीचं गिऱ्हाईक वाट बघत बसलं होतं. कुठं होतात म्हणून त्यानं विचारलं. "शाळेत," एवढंच बोलून तिनं कात्री उचलली आणि पत्रा कापायला घेतला.