काळे बुट्टे

सोजरबाईच्या हातात साडी दिली की ती आधी उलगडत नसे, नाकाशी नेई. वास घेऊन सांगे, "अत्तर लावलंया," किंवा "डांबरगोळ्या जरीलाच चिकटवून ठिवल्यात." गिऱ्हाईक खजील होई आणि मग सोजरबाईचं तोंड सुटे. करकंबची लेक, लग्न होऊन सोलापुरात आलेली. नवरा गेल्यावर साड्यांच्या एका दुकानामागच्या ओसरीवर बसून जुन्या साड्यांची जर उजळून देण्याचं काम करी. कामाला हळू आणि जिभेला तिखट, पण तिच्या हातून जर खराब झालेली एक तरी साडी अख्ख्या पेठेत कुणी दाखवावी.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. लग्नसराईत होटगीहून सावित्रम्मा आली, सोबत लेक जगदेवी. जगदेवीचं लग्न पंधरवड्यावर आलेलं आणि अंगावर घालायची ती आजीची साडी. काठांची जर काजळासारखी काळी पडलेली, पदरावर आजीनं स्वतः जरीनं भरलेले बुट्टेही तसेच. त्यातला एकच बुट्टा तांबडा दिसत होता.

"ह्याला काय केलं?" सोजरबाईनं विचारलं.

"चिंच लावली अक्का. देवाची तांब्याची भांडी निघतात की चिंचेनं!" सावित्रम्मा म्हणाली. "आधी लई चमकलं. मग असं झालं."

"देवाचं भांडं जाड असतंया. ही जर म्हंजे रेशमावर गुंडाळलेली तार, केसापरास बारीक. तिच्यावरचा मुलामा चिंचेनं खाल्ला. आणि आंबट रेशमात तसंच मुरवून ठिवलंस!" सोजरबाई चिडलीच. आधी तिनं स्वच्छ ओलसर फडक्यानं तो बुट्टा हलके हलके टिपला आणि पदर सावलीत पसरला.

मग कमरेशी खोचायच्या टोकातून काठाचा एक तुटका धागा काढला आणि एका बुट्ट्याच्या मागची सुटी टोकंही घेतली. काडी ओढून दोन्हींना लावली. रेशीम जळून राख झालं. काठाची तार पांढरीशुभ्र निघाली. बुट्ट्याची तार काळी पडली, आणि सुईनं खरवडताच आत लाल दिसली.

"काठ चांदीचे, वर सोन्याचं पाणी. बुट्टे तांब्याचे, वरून नुसता मुलामा," ती म्हणाली. "काठ मी उजळीन. बुट्ट्यांना हात लावणार न्हाय. घासले की सगळे ह्या एकासारखे होणार."

सावित्रम्माचा चेहरा उतरला. "माझी अव्वा तर म्हणायची, अस्सल जर हाय. आयुष्यभर खोटं बोलली?" तिच्या आवाजात राग होता, त्याहून जास्त शरम होती. "सासरचे लोक काठ बघतील, मग काळे बुट्टे बघतील. काय सांगू त्यांना? त्यापरीस साडीच जुनी जर विकत घेणाऱ्याला देऊन टाकते."

कुणाच्या आईला खोटं म्हणणं सोजरबाईलाही जड गेलं. जगदेवी मात्र पदर उलटा करून बसली होती. मागचे टाके एकसारखे, एकही गाठ वर आलेली नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "काठ करा. साडी मीच नेसणार."

सोजरबाईनं पांढरा खडू कुटून वस्त्रगाळ केला. काठाखाली मऊ मलमल घातली, कोरड्या भुकटीनं बोटाच्या पेरानं तारेच्या अंगानं घासायला लागली, आडवं एकदाही नाही. पाणी नाही, लिंबू नाही, घाई तर नाहीच. फडकं काळं होई, ती दुसरं घेई. हळूहळू काळेपणाखालून फिकट सोनेरी झाक वर आली. बुट्ट्यांवर तिनं फक्त मऊ कुंचल्यानं धूळ झटकली. शेवटी जरीवर घडी पडणार नाही अशी साडी मलमलीत गुंडाळून दिली.

लग्नाला सोजरबाईला आग्रहानं बोलावलं होतं. जगदेवी मांडवात आली तेव्हा काठ उन्हासारखे झळकत होते आणि पदरावरचे बुट्टे तसेच काळे. नवऱ्याकडच्या एका जाडजूड बाईनं पदर हातात धरून विचारलंच, "काठ इतके उजळलेत, मग हे असे का?"

सावित्रम्मानं मान खाली घातली. जगदेवीनं घातली नाही.

"साडी अज्जानं आणली, काठ चांदीचे. बुट्टे अज्जीनं भरलेत, तांब्याचे. तिला तेवढीच जर परवडत होती. घासलं असतं तर तिचे टाके राहिले असते, पण त्यांवरचा मुलामा गेला असता, ह्या तांबड्या बुट्ट्यासारखा."

त्या बाईनं पदर उलटा केला. टाक्यांवरून बोट फिरवलं आणि मागं वळून आपल्याच सुनेला म्हणाली, "बघ, असं भरायला शिक."

सावित्रम्मानं मान वर केली. आईबद्दलचा तिचा राग तिथंच गेला, असं सोजरबाई पुढं कितीतरी वर्षं सांगत असे, आणि सांगताना तिची तिखट जीभ चक्क अडखळत असे.