ताईंचा बुधवार

संध्याकाळच्या कॉमर्स कॉलेजात तिला सगळे ताई म्हणत. वर्गातली पोरं म्हणत ते ठीकच, पण ऑफिसातले क्लार्क म्हणत, शिपाई म्हणे, आणि वयाने तिच्याहून लहान असलेल्या, कॉस्टिंग शिकवणाऱ्या मॅडमही म्हणत. लग्न, मुलगी, सासूचं आजारपण हे सगळं उरकून चाळिशीच्या उंबरठ्यावर ती पदवीला बसली होती. वर्गप्रतिनिधी कोण, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आपोआप निकालात निघाला. मॅडमनी विचारलं, "कोण होणार?" तेव्हा सगळ्या पोरांनी खाली बघितलं आणि मग सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

दिवसा ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असे. डॉक्टर स्वभावाने देवमाणूस, पण वेळेच्या बाबतीत आनंदीआनंद. पेशंट तर त्यांच्याही वरताण. दहाला बोलावलं तर साडेदहाला उगवणार आणि वर ट्रॅफिकच्या नावाने खडे फोडणार. तेव्हा ताईंनी शोध लावला की साडेदहाला हवा असलेल्या माणसाला दहाची वेळ द्यायची. दवाखाना सुरळीत चालू लागला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आलात आणि लोकांना शिस्त लागली." ताई हसल्या. शिस्त कसली डोंबलाची, ती थाप होती. पण त्या थापेने कुणाचं वाईट झालं नव्हतं, त्यामुळे ताईंनी ती गुणांच्या खात्यात जमा केली.

तीच युक्ती त्यांनी वर्गात आणली. मॅडमनी असाइनमेंटसाठी शुक्रवार सांगितला की ताई ग्रुपवर बुधवार लिहीत. पोरं बुधवारी धावपळ करणार, गुरुवारी रडारड करणार आणि शुक्रवारी कशीबशी भरणार, हा हिशोब पक्का. पहिल्या वर्षी तो चोख चालला. दुसऱ्या वर्षी मागच्या बाकावरच्या टोळीने ताईंचं गणित ओळखलं. त्यांनी ताईंना वगळून आपला वेगळा ग्रुप काढला होताच. त्यात कुणीतरी लिहिलं, 'ताईंचा बुधवार म्हणजे शुक्रवार.' हळूहळू ते सगळ्यांना ठाऊक झालं. ताईंच्याही कानावर आलं. त्यांनी कानाडोळा केला, कारण काम तर होत होतं. कोणी कुणाला फसवत नव्हतं, असं त्यांना खरंच वाटत होतं. माणूस स्वतःच्या युक्तीवर खूश असला की त्याला असं बरंच काही वाटतं.

या वेळचा मेसेज असा होता:

'सर्वांना नमस्कार. कॉस्टिंगची असाइनमेंट बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत पोर्टलवर भरायची आहे. उत्तरं हातानेच लिहायची, टाइप केलेलं चालणार नाही. सगळी पानं स्कॅन करून एकच पीडीएफ करा, सुटे फोटो टाकू नका. पहिल्या पानावर नाव, रोल नंबर, विषय. फाइलला फक्त रोल नंबर आणि विषयाचं नाव द्या, "फायनल", "फायनल खरं" असलं काही नको. उदाहरणातली शंका मॅडमना वर्गात विचारा. फाइल चढत नसेल तर लॅबमधल्या दादांना भेटा. मुदतीबद्दल कोणीही मॅडमना फोन करू नये. मुदत वाढणार नाही, त्यामुळे मलाही विचारू नये. असाइनमेंट नसेल तर हॉल तिकीट मिळणार नाही. वाचलं असेल त्यांनी अंगठा दाखवा.'

अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक अंगठा औषधवालीचा होता.

औषधवाली याच सत्रात दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आली होती. दिवसभर औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राही आणि पाय दुखत असतील तरी पहिल्या बाकावर येऊन बसे. मोजकं बोले. टोळीच्या ग्रुपात तिला कुणी घेतलं नव्हतं. मुद्दाम टाळलं असंही नाही, कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी दुपारी ताई दवाखान्याचं काम आवरत होत्या, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "ताई, सगळ्यांच्या असाइनमेंट आल्या. एकच राहिलीय." त्यांनी रोल नंबर सांगितला. "पोर्टल पाचला बंद होईल. ते आपोआप बंद होतं, मग माझ्याही हातात नाही. जरा बघा ना काय ते."

ताईंना वाटलं टोळीतला कुणी असेल. नंबर कुणाचा ते आठवलं आणि त्या चक्रावल्या. पहिल्या बाकावरची मुलगी? त्यांनी लगेच फोन लावला. दुकानात गर्दी असावी. मागून कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"अगं, तुझी असाइनमेंट कुठाय?"

"घरी आहे ताई. पण मला उशीर झाला." आवाज शांत होता. "दुकानातली दुसरी मुलगी रजेवर आहे, तिचंही काम मलाच करावं लागलं. गुरुवारी सकाळी शेवटचं उदाहरण सुटलं. तोवर मुदत संपली होती."

"मग भरलं का नाहीस?"

"तुम्ही लिहिलं होतं ना, मुदत वाढणार नाही, विचारूही नका म्हणून."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. पोर्टल उघडून बघितलं असतं तर खरी तारीख समोरच दिसली असती. पण दार बंद झालं असं विश्वासाच्या माणसाने सांगितल्यावर कडी हलवून बघायला कोण जातं?

"पोर्टल अजून उघडं आहे," ताई म्हणाल्या. "पाचपर्यंत."

 मग मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्यासाठी मॅडमकडून मुदत वाढवून आणलीत?"

इथे खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ताईंच्या ओठावर ते आलंही होतं. पण तेवढ्यात मुलगी गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायला लागली, आणि परत फोनवर आली ती आभार मानतच. "मी इथून हलू शकत नाही, मालक बाहेर गेलेत. आई घरी आहे, पण तिला स्कॅन वगैरे जमायचं नाही."

"पत्ता पाठव," ताई म्हणाल्या. "आणि पासवर्ड." आभारांचं त्या काहीच बोलल्या नाहीत.

दवाखाना डॉक्टरांच्या हवाली करून त्या स्कूटरवर बसल्या. डॉक्टर काहीतरी विचारत होते, ते विचारतच राहिले.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. आई शिवणकाम करत होती. तिने दार उघडलं, ताईंनी आपण कोण ते सांगितलं, आणि त्या बाईचा चेहरा असा काही उजळला की ताईंना खाली बघावं लागलं.

"तुम्ही ताई होय. या, या. आत्ताच तिचा फोन आला होता. तुमचं नाव रोज असतं घरात."

कपाटातून कागद निघाले. स्वच्छ अक्षर, समासाची रेघ पट्टीने मारलेली, प्रत्येक उदाहरणाखाली उत्तर दोनदा अधोरेखित. आईने शिलाई मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि खिडकीजवळच्या उजेडात ताई एकेक पान ठेवून फोनवर स्कॅन करायला लागल्या. आई पान सपाट धरायची, ताई फोन धरायच्या. एका पानावर आईच्या बोटाची सावली आली, ते पुन्हा घेतलं.

काम चालू होतं तशी आई बोलत होती. "बुधवारी दुकानातून आली तेव्हा पाच वाजून गेले होते. पायातली चप्पलही काढली नाही, इथेच बसून रडली. म्हणाली, आई, आता परीक्षेला बसता येणार नाही. गुरुवारी सकाळी उठून तरी पूर्ण केलंन. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणे, अर्धवट नको राहायला. काल मालकांना सांगून आली, संध्याकाळचीही पाळी द्या म्हणून. कॉलेज आता नाहीच तर."

ताईंनी तेच पान दोनदा स्कॅन केलं आणि मग एक पुसून टाकलं.

"मी म्हटलं, एकदा त्या ताईंना फोन तरी कर. तर माझ्यावरच चिडली. म्हणे, ताईंनी नको विचारू म्हणून लिहिलंय, तर त्यांना संकटात कशाला टाकू? मुदत त्यांच्या हातात असती तर त्यांनी आपणहून सांगितलं असतं."

फाइल तयार झाली, पण फार जड झाली होती, पोर्टल ती घेईना. ताईंनी ती हलकी करून परत लावली. नाव नीट दिलं, रोल नंबर आणि विषय. मग मुलीच्या फोनवर ओटीपी गेला. ताईंनी दुकानात फोन केला आणि तिने गिऱ्हाइकाशी बोलता बोलता आकडे सांगितले. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. आईने नकळत ताईंचा दंड धरला होता. मग हिरव्या अक्षरांत 'सबमिशन मिळाले' असं उमटलं. पाचला थोडाच वेळ उरला होता.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

आईचा जीव भांड्यात पडला. तिने पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवायला वळली. म्हणाली, "तुमच्यासारखं माणूस भेटायला नशीब लागतं. तिच्यासाठी मुदत वाढवून आणलीत."

गप्प बसायची ताईंना ही दुसरी संधी होती. निघून गेल्या असत्या तरी कुणालाही कधीच कळलं नसतं. हॉल तिकीट आलं असतं, मुलगी जन्मभर उपकार मानत राहिली असती. त्या मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या.

"मुदत वाढवली नाही हो मी," त्या म्हणाल्या. "मुदत आधीपासून आजचीच होती. बुधवार मी माझ्या मनाने लिहिला. पोरं उशीर करतात म्हणून दोन दिवस आधीची तारीख सांगते. बाकी सगळ्यांना ते माहीत आहे. हिला माहीत नव्हतं."

आईने गॅस बंद केला.  ताईंना वाटलं, आता दोन शब्द ऐकवेल, आणि ते ऐकून घ्यायला त्या तयार होत्या. ऐकवले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे ती रडली ते..." आई म्हणाली आणि थांबली.

"उगाच रडली. माझ्यामुळे."

चहासाठी काढलेले दोन कप आईने परत ओट्यावर ठेवले. रागाचा मागमूस नव्हता तिच्या चेहऱ्यावर, नुसती दमलेली दिसत होती.

"तिला तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मी सांगून उपयोग नाही. तिला खरं वाटायचं नाही. मलाच म्हणेल, आई, ताई असं कधी करणार नाहीत."

ताईंनी मान हलवली. स्वतःच्या घरी फोन करून आपल्या मुलीला सांगितलं की आज यायला वेळ लागेल, कॉलेजलाही जाणार नाही. मग त्या तिथेच, विस्कटलेल्या कापडांशेजारी, औषधाचं दुकान बंद व्हायची वाट बघत बसून राहिल्या.